प्रस्तावनेचा मसुदा गाईडला पाठवताना: नेमका अभिप्राय मागणारा मेल कसा लिहावा

"आदरणीय मॅडम, पहिले प्रकरण सोबत जोडले आहे. कृपया वाचून मार्गदर्शन करावे." पीएच.डी. करणारे पुष्कळ विद्यार्थी गाईडला असा मेल पाठवतात आणि वाट पाहत बसतात. तीन आठवड्यांनी फाईल परत येते. पहिल्या चार पानांवर ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले असतात, एका संदर्भाचं साल दुरुस्त केलेलं असतं, एका लांब वाक्याखाली रेघ असते आणि शेवटी लिहिलेलं असतं, "ठीक आहे, पुढचं प्रकरण घ्या."

यात गाईडचा हलगर्जीपणा शोधू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. त्यात तास, परीक्षेचं काम, नॅकची कागदपत्रं. अशा माणसासमोर बावीस पानं आली आणि त्यात काय बघायचं हे कुणी सांगितलं नाही, तर डोळा आपोआप शुद्धलेखनाकडे जातो, कारण ती चूक पाहताक्षणी दिसते. प्रकरणाची मांडणी फसली आहे का, हे कळायला सगळी पानं एका बैठकीत वाचावी लागतात आणि मनात एक प्रश्न धरून वाचावी लागतात. तो प्रश्न तुम्ही द्यायचा असतो.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आणि तो ज्या मेलमधून जातो त्याबद्दल आहे. सामाजिक शास्त्रात मराठीतून प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी उदाहरणासाठी धरू. तिचा विषय आहे, पुरंदर तालुक्यातल्या पाणी पंचायतीच्या योजनांमध्ये भूमिहीन कुटुंबांना मिळालेला पाणीहक्क. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावातून उभी केलेली ही चळवळ. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचं, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस लावायचा नाही आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा, हे चळवळीचे नियम. विषय चांगला आहे. प्रस्तावना मात्र अडली आहे आणि कुठे अडली आहे हे विद्यार्थिनीला नीट सांगता येत नाही.

आधी प्रकरणाचा हिशेब मांडा

मेल लिहायला बसण्याआधी एक तास काढा. प्रकरण छापून घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकेक वाक्य लिहा. त्या परिच्छेदात काय सांगितलंय ते लिहू नका, तो परिच्छेद प्रकरणात कोणतं काम करतोय ते लिहा. "१९७२ च्या दुष्काळाची माहिती" हे पहिल्या प्रकारचं वाक्य झालं. "पाणीवाटपाचा प्रश्न इथून का सुरू होतो ते दाखवतो" हे दुसऱ्या प्रकारचं. असं वाक्य सुचतच नसेल तर तिथे खूण करा. सुचत नाही याचा अर्थ तो परिच्छेद केवळ माहिती गोळा झाली म्हणून तिथे आलेला असतो.

आपल्या विद्यार्थिनीने हे केलं तेव्हा तिच्या प्रकरणाचा नकाशा असा निघाला. पान १ ते ४ महाराष्ट्रातले दुष्काळ. पान ५ ते ९ राज्याचं सिंचन धोरण, त्यात २००५ चा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा. पान १० ते १३ पाणी पंचायतीची कहाणी. पान १४ वर "या विषयावर फारसा अभ्यास झालेला नाही" हे एक वाक्य. मग १५ पासून २२ पर्यंत उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, व्याप्ती व मर्यादा आणि प्रकरणांची रूपरेषा.

संशोधन-लेखांच्या प्रस्तावना कशा बांधलेल्या असतात याची एक मांडणी भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० साली केली. प्रस्तावनेत तीन चाली असतात, असं ती सांगते. आधी क्षेत्र दाखवायचं, मग त्या क्षेत्रात कुठे जागा मोकळी राहिली आहे ते दाखवायचं आणि मग ती जागा आपण कशी भरणार ते सांगायचं. ही मांडणी लेखांसाठी केलेली असली तरी प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणालाही चांगली लागू पडते. नकाशा या मांडणीशेजारी ठेवला की दिसतं, पहिल्या चालीला तेरा पानं, तिसरीला आठ आणि मधल्या चालीला एक वाक्य. सगळं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं आहे.

मराठी प्रबंधांमध्ये हे फार वेळा दिसतं आणि त्याचं एक कारण आपल्याकडच्या ठरलेल्या मथळ्यांत आहे. "विषयाचे महत्त्व", "संशोधनाची गरज", "उद्दिष्टे", "गृहीतके" असे मथळे आधीच्या प्रबंधांतून उचलले जातात आणि प्रत्येकाखाली एक-दोन परिच्छेद भरले जातात. "महत्त्व" आणि "गरज" यांच्याखाली तर बहुधा तेच शब्द पुन्हा येतात. मथळे भरले की प्रकरण झालं असं वाटतं. एका मथळ्यातून दुसऱ्याकडे वाचक का जाईल, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. गाईडकडून मदत हवी असते ती याच सांध्यांवर.

गाईडलाच विचारावं असं काय आहे?

नकाशा हातात आला की शंका पुष्कळ निघतात. त्यातल्या बऱ्याच गाईडकडे न्यायच्याच नाहीत. संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे, समास किती सोडायचा, मुखपृष्ठ कसं हवं, हे विद्यापीठाच्या प्रबंधलेखनाच्या सूचनांत असतं. शुद्धलेखन मित्राकडून किंवा मुद्रितशोधकाकडून तपासून घेता येतं, आणि या टप्प्यावर तर ते तपासूच नये, कारण निम्मी पानं बदलणार आहेत.

गाईडकडे न्यायच्या शंका तीन प्रकारच्या असतात. पहिली, दाव्याची. ही जागा खरंच मोकळी आहे का, हे त्या विषयात पंधरा-वीस वर्षं वाचलेल्या माणसाला तुमच्यापेक्षा लवकर कळतं. दुसरी, प्रबंधभरच्या वाटणीची. एखादा भाग पहिल्या प्रकरणात हवा की पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात, हे ठरवायला सगळा प्रबंध डोळ्यासमोर असावा लागतो, आणि तुमच्याशिवाय तो फक्त गाईडच्याच डोळ्यासमोर असतो. तिसरी, मंजूर आराखड्याची. सिनॉप्सिसमध्ये लिहिलेलं एखादं उद्दिष्ट क्षेत्रकार्यानंतर बदलावंसं वाटत असेल, तर ते कितपत बदलता येईल आणि त्यासाठी समितीकडे जावं लागेल का, हे गाईडनेच सांगायला हवं.

या तिसऱ्या प्रकारची शंका मेलमध्ये सोडवायला जाऊ नका. ती फक्त कळवा आणि भेटीची वेळ मागा. लेखी उत्तर देताना गाईडला नियमांच्या बाजूने सावध राहावं लागतं आणि तुम्हाला "सिनॉप्सिसप्रमाणे करा" एवढंच उत्तर मिळतं. समोर बसून तीच गोष्ट विचारली तर पर्याय निघतात.

एका मेलमध्ये दोन प्रश्न घ्या, फार तर तीन. सहा प्रश्न पाठवले तर सोप्या दोघांची उत्तरं येतात आणि अवघड चार तसेच राहतात.

शंकेचा प्रश्न करणं

मला वाटतं, सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. मनातली शंका जशीच्या तशी मेलमध्ये उतरवली की तिचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं.

आपल्या विद्यार्थिनीची पहिली शंका होती, "प्रकरण फार लांबलंय का?" याचं उत्तर "हो, थोडं कमी करा" हे येणार, कारण बावीस पानांची प्रस्तावना पाहून कुणीही तेच म्हणेल. कुठून कमी करायचं हा प्रश्न तसाच राहतो. तिने स्वतःलाच पुढचा प्रश्न विचारला, कमी करायचंच झालं तर मी कुठून करीन? उत्तर लगेच आलं, पान ५ ते ९, सिंचन धोरण. मग अजून का नाही केलं? कारण २००५ च्या कायद्याखालच्या पाणी वापर संस्थांमध्ये सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमीनधारकांना मिळतं, म्हणजे तिथे पाणी जमिनीला बांधलेलं आहे. पाणी पंचायतीने ते माणसाशी जोडलं होतं. हा फरक तिच्या तिसऱ्या उद्दिष्टाचा पाया आहे. पाचही पानं उचलून दुसऱ्या प्रकरणात नेली तर पहिल्या प्रकरणात ते उद्दिष्ट आधाराशिवाय येतं.

आता शंकेचा प्रश्न झाला: "पान ५ ते ९ वरचा सिंचन धोरणाचा इतिहास दुसऱ्या प्रकरणात हलवावा आणि २००५ च्या कायद्यातली सभासदत्वाची तरतूद एवढा एकच परिच्छेद इथे ठेवावा, असे मला वाटते. तिसऱ्या उद्दिष्टाला तेवढा आधार पुरेल का?" यात जागा आहे, तिचा तात्पुरता निर्णय आहे आणि नेमकी भीती आहे. गाईडला फक्त त्या भीतीवर बोलायचं आहे. "पुरेल" म्हटलं तरी काम होतं आणि "नाही, धोरणातला अमुक टप्पाही ठेवा" म्हटलं तरी होतं.

दुसरी शंका होती, "रिसर्च गॅप बरोबर आहे का?" हा प्रश्न असाच पाठवला तर गाईड पान १४ वरचं ते एक वाक्य वाचतील आणि "आणखी वाचन करा" असं लिहितील. ते योग्यच आहे, पण काय वाचायचं? इथेही तिला आधी स्वतःकडून थोडं काम करावं लागलं. आपण काय काय वाचलं त्याची यादी तिने समोर घेतली आणि प्रत्येकासमोर लिहिलं, यात भूमिहीनांबद्दल काय आहे? तिच्या यादीतलं बहुतेक लेखन योजना कशी उभी राहिली, नियम कसे ठरले याबद्दल होतं. भूमिहीनांना हक्क मिळाला याची नोंद ठिकठिकाणी होती. पण ज्याच्याकडे जमीनच नाही त्याने पाण्याचा वाटा प्रत्यक्षात वापरला कसा, दुसऱ्याच्या रानात वाट्याने, खंडाने जमीन घेऊन की वाटा कुणाला देऊन, याबद्दल तिच्या यादीत फार थोडं होतं.

म्हणजे "या विषयावर फारसा अभ्यास झालेला नाही" हा तिचा दावा खोटाच होता. अभ्यास झालेला आहे. तिची जागा त्याच्या आत कुठेतरी लहान आहे. दावा लहान केला की तो तपासण्याजोगा होतो: "हक्काच्या तरतुदीवर लेखन आहे, हक्काच्या वापरावर मला फारसे सापडले नाही. म्हणून दावा 'भूमिहीन कुटुंबांनी पाणीहक्काचा केलेला प्रत्यक्ष वापर' एवढाच ठेवला आहे. हा दावा मोडेल असे काही लेखन आपल्या वाचनात आहे का?" या शेवटच्या वाक्याला गाईड स्मरणातून उत्तर देऊ शकतात. कुणाचा तरी जुना प्रबंध, एखाद्या संस्थेचा अहवाल, एखाद्या परिसंवादातला निबंध असं काहीतरी त्यांना आठवतं. मेल पाठवण्याआधी शोधगंगेवर विषयाचे दोन-तीन वेगवेगळे शब्द टाकून, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, एकदा शोधून घ्या, म्हणजे गाईड जे पहिल्या मिनिटात सांगतील ते तुम्हाला आधीच ठाऊक असेल.

एक कसोटी सांगतो. प्रश्नातून तुमच्या विषयाची नावं काढून टाका. उरलेला प्रश्न दुसऱ्या कुणाच्याही प्रबंधाला चालत असेल, तर तो अजून कच्चा आहे.

मेल

आता मेल लिहायला फार वेळ लागत नाही. आपल्या विद्यार्थिनीचा पूर्ण मेल असा झाला:

> विषय: प्रकरण १ (प्रस्तावना), मसुदा २: दोन प्रश्नांवर अभिप्राय हवा, शक्यतो २० जूनपर्यंत
>
> आदरणीय मॅडम,
>
> सादर नमस्कार.
>
> पुरंदरमधील पाणी पंचायत आणि भूमिहीनांचा पाणीहक्क या माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा दुसरा मसुदा सोबत पाठवत आहे. एप्रिलच्या भेटीत आपण सुचवल्याप्रमाणे नायगावची पार्श्वभूमी आता पान १० ते १३ वर एकत्र घेतली आहे. मांडणी अजून पक्की झालेली नाही. पुढील दोन ठिकाणी मी अडले आहे.
>
> १. पान १४, दुसरा परिच्छेद. हक्काच्या तरतुदीवर लेखन आहे, हक्काच्या वापरावर मला फारसे सापडले नाही. म्हणून दावा "भूमिहीन कुटुंबांनी पाणीहक्काचा केलेला प्रत्यक्ष वापर" एवढाच ठेवला आहे. हा दावा मोडेल असे काही लेखन आपल्या वाचनात आहे का?
>
> २. पान ५ ते ९. हा सिंचन धोरणाचा इतिहास दुसऱ्या प्रकरणात हलवावा आणि २००५ च्या कायद्यातील सभासदत्वाची तरतूद एवढा एकच परिच्छेद इथे ठेवावा, असे मला वाटते. तिसऱ्या उद्दिष्टाला (पान १५) तेवढा आधार पुरेल का?
>
> वेळ कमी असल्यास फक्त पान ५ ते ९ आणि १४-१५ पाहिले तरी चालेल. शुद्धलेखन आणि संदर्भसूची मी पुढच्या मसुद्यात तपासणार आहे, त्याकडे आत्ता लक्ष देऊ नये.
>
> ३० जूनला संशोधन सल्लागार समितीसमोर सादरीकरण आहे. २० तारखेपर्यंत अभिप्राय मिळाला तर त्याआधी बदल करता येतील. फाईलमध्ये शेरे लिहिण्यापेक्षा बोलणे सोयीचे असेल, तर आपण सांगाल त्या वेळी विभागात येईन. सिनॉप्सिसमधील दुसऱ्या उद्दिष्टाबद्दलही थोडे बोलायचे आहे. ते भेटीतच विचारेन.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (नाव, नोंदणी वर्ष, मोबाइल क्रमांक)

यातल्या काही गोष्टी जवळून पाहू.

विषयाच्या ओळीत प्रकरण, मसुद्याचा क्रमांक, काय हवं आणि कधीपर्यंत हे सगळं आलंय. गाईड मेल उघडतील तेव्हा कदाचित वेळ नसेल, पण दहा दिवसांनी शोधताना "प्रकरण १" टाकलं की हा मेल सापडतो. "चॅप्टर" किंवा "अभिप्रायासाठी" एवढंच लिहिलेले मेल शेकडो मेलांत हरवतात.

पहिल्याच वाक्यात विषय पुन्हा सांगितला आहे. गाईडला आपला विषय ठाऊक असतो, हे खरं. पण तुमच्या मेलच्या आधीचा मेल दुसऱ्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्याच विषयाचा असतो. लगेच पुढे मागच्या भेटीत सांगितलेलं काय केलं तेही आलंय. हे वाक्य वगळू नका. आपण सांगितलेलं ऐकलं गेलं आहे हे दिसलं की पुढचं सांगायला माणसाला हुरूप येतो, आणि सांगितलेलं केलं की नाही हे शोधत पानं चाळावी लागत नाहीत.

"मांडणी अजून पक्की झालेली नाही" हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. मसुदा कोणत्या अवस्थेत आहे हे गाईडला फाईल पाहून कळत नाही. सुबक टाइप केलेली, मथळे ठळक केलेली बावीस पानं पूर्ण झालेलीच वाटतात, आणि पूर्ण झालेल्या गोष्टीत मोठा बदल सुचवायला कुणीही कचरतं. काय पक्कं आहे आणि काय हलवता येईल हे तुम्हीच सांगा.

"शुद्धलेखनाकडे आत्ता लक्ष देऊ नये" असं गाईडला लिहिताना पुष्कळांना संकोच वाटतो. नम्र शब्दांत लिहिलं तर ते मुळीच उद्धट होत नाही. पुढच्या मसुद्यात आपणच ते तपासणार आहोत, हे मात्र सोबत लिहायला हवं. नाहीतर केवळ जबाबदारी झटकल्यासारखं वाचलं जातं.

तारखेसोबत कारण आहे. नुसतं "लवकरात लवकर" लिहिलं तर त्यातून काहीच ठरवता येत नाही. दर सत्रात सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची असते, ती तारीख गाईडच्याही वहीत असते, त्यामुळे तिच्याशी जोडलेली मुदत त्यांना लगेच पटते. बावीस पानांसाठी दोन आठवडे तरी द्या. हा मेल ५ जूनच्या आसपास गेला तर ठीक. १७ तारखेला पाठवून २० ची मुदत मागू नये. मुदत आणि सादरीकरण यांच्यामध्येही जागा राखलेली आहे, ती तुमच्या दुरुस्त्यांसाठी.

भाषेबद्दल एवढंच, की प्रबंध मराठीत असेल तर मेल मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. मुद्दाम इंग्रजीत लिहायला गेलं की विद्यार्थी ठरीव वाक्यांच्या आडोशाला जातो आणि प्रश्न पुसट होतो. गाईड अमराठी असतील तर गोष्ट वेगळी. आणि विनंती करताना "त्रासाबद्दल क्षमस्व", "आपल्या अमूल्य वेळातून" यांची रांग लावू नका. एक "सादर नमस्कार" पुरतो.

फाईल

मराठी प्रबंधांच्या बाबतीत इथे एक खास अडचण येते. पुष्कळ प्रकरणं अजूनही डीटीपी केंद्रात श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. ती फाईल तुमच्या संगणकावर छान दिसते आणि गाईडच्या मोबाइलवर उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. गाईड "नंतर लॅपटॉपवर बघू" म्हणतात आणि ते नंतर लांबत जातं. तपासायचा सोपा उपाय असा: फाईलमधलं एक वाक्य कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पेस्ट करा. मराठी दिसलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, कुठेही उघडेल. कचरा दिसला तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्यांखालून घाला, कारण रूपांतरात तिथेच मोडतोड होते. तेवढा वेळ नसेल तर निदान पीडीएफ सोबत जोडा.

शेरे हवे असतील तर मूळ वर्ड फाईल पाठवा. तिच्यात पृष्ठक्रमांक असलेच पाहिजेत, नाहीतर "पान १४" या शब्दांना अर्थ राहत नाही. वर्डमध्ये `Layout` मधल्या `Line Numbers` खाली `Continuous` निवडलं की प्रत्येक ओळीला क्रमांक येतो. छापून वाचणाऱ्या गाईडला फोनवर "ओळ ३१२" एवढं सांगता येतं. ज्या दोन जागांबद्दल प्रश्न आहेत तिथे `Review` मधून `New Comment` घेऊन मेलमधला प्रश्नच एका ओळीत टाका. फाईल मेलपासून वेगळी उतरवून घेतली तरी प्रश्न तिच्यासोबत जातो. गूगल डॉक्सवर काम असेल तर दुवा देताना `Commenter` ही परवानगी दिली आहे का ते पाहा. ती राहून गेली तर गाईडकडून "ॲक्सेस नाही" असं उत्तर येतं आणि दोन दिवस जातात.

फाईलचं नाव साधं ठेवा:

```
Prakaran1_Masuda2_05June.docx
```

"फायनल", "फायनल नवीन" अशी नावं देऊ नका.

पाठवल्यानंतर

मेल गेल्यावर प्रकरणाला हात लावू नये असं नाही, पण नवी प्रत पाठवू नका. गाईड दुसरा मसुदा वाचत असताना तिसरा आला की त्यांनी लिहिलेले शेरे कुठल्या पानाचे हे कुणालाच कळत नाही आणि पुढच्या वेळी ते तुमची फाईल लगेच उघडत नाहीत. मधल्या काळात तुम्हालाच एखादं महत्त्वाचं लेखन सापडलं आणि पान १४ वरचा दावा पडला, तर फाईल न बदलता त्याच मेलला उत्तर देऊन दोन ओळींत तेवढं कळवा.

मुदत उलटली तर दोन-तीन दिवस थांबून त्याच मेलवर उत्तर द्या, नवा मेल सुरू करू नका. "मॅडम, सादरीकरण ३० तारखेला आहे. दोन्ही प्रश्नांपैकी पान १४ चा प्रश्न जास्त निकडीचा आहे. त्याबद्दल दहा मिनिटे बोलता येईल का?" आठवण करून देताना मागणी लहान केली की होकार सोपा होतो. गाईड व्हॉट्सॲप वापरत असतील तर "मेल पाठवला आहे" एवढी एक ओळ तिथे टाकायला हरकत नाही, पण प्रश्न मेलमध्येच राहू द्या. सह-मार्गदर्शक असतील तर त्यांना प्रत पाठवायची की वेगळा प्रश्न विचारायचा, हे आधी मुख्य गाईडला विचारून घ्या. दोघांना एकच प्रश्न स्वतंत्रपणे पाठवला आणि उत्तरं उलटसुलट आली, तर मध्ये तुम्ही अडकता.

आपल्याकडे अभिप्राय पुष्कळदा तोंडीच मिळतो, विभागाच्या व्हरांड्यात, चहा घेताना, परीक्षेच्या गडबडीत. तो त्याच दिवशी लिहून काढा आणि मेलने परत पाठवा: "आज आपल्या बोलण्यातून मला समजले ते असे. धोरणाचा इतिहास दुसऱ्या प्रकरणात जाईल, पण पाणी वापर संस्थांची सुरुवात इथे राहील. दाव्यासाठी सिंचन खात्याचे जुने अहवाल पाहायचे. यात काही चुकले असल्यास कळवावे." चार महिन्यांनी "हे इथे का ठेवलं?" असं विचारलं गेलं तर दोघांकडेही नोंद असते.

कधी उत्तर एकाच प्रश्नाचं येतं. दुसऱ्याचं मुद्दाम टाळलं असं समजू नका. बहुतेक वेळा दुसरा प्रश्न पहिल्यावर अवलंबून असतो आणि गाईडना ते तुमच्याआधी दिसलेलं असतं. दावा बदलला तर तिसरं उद्दिष्टच बदलेल, मग धोरणाची पानं कुठे ठेवायची यावर आत्ता बोलून उपयोग नाही. पहिल्याप्रमाणे बदल करा आणि दुसरा प्रश्न अजून उरतो का ते पाहा. आणि "सगळं पुन्हा लिहा" असं उत्तर आलं, तर लिहायला बसण्याआधी नकाशा घेऊन भेटा आणि कुठल्या पानापासून मांडणी सुटते तेवढं विचारून घ्या. बहुधा सगळी बावीस पानं पडलेली नसतात. बऱ्याचदा क्रम बदलला की निम्मी तशीच चालतात.

पुढचा मसुदा पाठवताना मेलच्या वरच्या भागात तीन-चार ओळींची बदलांची नोंद द्या. आपल्या विद्यार्थिनीची नोंद अशी होती: "पान ५ ते ९ वरील मजकूर प्रकरण २ मध्ये नेला. पाणी वापर संस्थांवरचे दोन परिच्छेद इथे ठेवले, आता पान ३. दावा प्रत्यक्ष वापरापुरता मर्यादित केला आणि त्यासाठी दीड पान वाढवले, पान ८ व ९. आपण सुचवलेल्या अहवालांपैकी दोन मिळाले, तिसरा ग्रंथालयात नाही, तो आपल्याकडे असल्यास पाहायला मिळेल का?"